जप्त शेअरचा हिशेब: ज्याचे पैसे त्याच्या नावावर

*मॅडम, मी बी.कॉम.च्या दुसऱ्या वर्षाला आहे आणि पेपर मराठीत लिहिते. परवा हे गणित सोडवलं. १० रुपयांचे १०,००० शेअर ४ रुपये प्रीमियमने काढले. अर्जाबरोबर ३, वाटपावर ६ (प्रीमियम धरून), पहिला हप्ता २, शेवटचा हप्ता ३. ३०० शेअरवाल्या ‘अ’ने फक्त अर्जाचे पैसे भरले. २०० शेअरवाल्या ‘ब’चा फक्त शेवटचा हप्ता राहिला. दोघांचेही शेअर जप्त झाले. त्यातले ४०० शेअर, ‘अ’चे सगळे धरून, ८ रुपयांना पूर्ण भरणा झालेले म्हणून पुन्हा दिले. माझा भांडवली राखीव १,०४० आला, मैत्रिणीचा १,५००, आणि मागे उत्तर आहे ८००. प्रीमियम ‘अ’च्या नोंदीत डेबिट होतो आणि ‘ब’च्या होत नाही, असं का? शिवाय शेअर डिस्काउंटने काढता येत नाहीत असं सर सांगतात, मग १० चा शेअर ८ ला कसा दिला? ताईच्या जुन्या गाइडात तर डिस्काउंटचं आख्खं प्रकरण आहे.*

तुझे १,०४० कुठून आले ते तुझी वही न बघता सांगते. जप्ती खात्यात २,३०० जमा होते. ५०० शेअरचे २,३००, तर ४०० चे किती, असं त्रैराशिक मांडलंस, १,८४० आले आणि त्यातून ८०० वजा केलेस. मैत्रिणीने त्रैराशिकही केलं नाही, तिने सरळ २,३०० तून ८०० काढले. तुम्हा दोघींच्या जप्तीच्या नोंदी बरोबरच असणार, कारण २,३०० हा आकडा बरोबर आहे. घोटाळा पुढे झालाय. तरी सुरुवात जप्तीच्या नोंदीपासूनच करू, कारण तिथे काय घडलं ते नीट दिसलं की १,०४० का चुकले ते आपोआप कळतं.

मी वर्गात मुलांना जप्तीची नोंद पाठ करू देत नाही. त्या शेअरवर आपण आतापर्यंत काय काय लिहून ठेवलंय ते आधी विचारते. जप्ती म्हणजे ते लिहिलेलं उलटं फिरवणं, एवढंच. म्हणून वाटपाची नोंद आधी बघ, पैसे येण्याच्या आधीची:

भाग वाटप खाते … नावे ६०,०००
  भाग भांडवल खात्याला २०,०००
  प्रतिभूती अधिमूल्य खात्याला ४०,०००

ही नोंद झाली तेव्हा ‘अ’ने वाटपाचा एक रुपयाही दिलेला नव्हता, आणि पुढेही दिला नाही. तरी त्याच्या ३०० शेअरचे १,२०० रुपये प्रीमियम त्या ४०,००० मध्ये जाऊन बसलेत. येणं लागू झालं की आपण लिहितो, मग पैसे येवोत न येवोत. नंतर बँकेत ६०,००० ऐवजी ५८,२०० आले आणि वाटप खात्यावर १,८०० ची बाकी राहिली. त्या १,८०० त ६०० भांडवलाचे आहेत आणि १,२०० प्रीमियमचे. पुढे पहिल्या हप्त्यात ‘अ’कडून ६०० आणि शेवटच्या हप्त्यात ९०० आले नाहीत.

आता ‘अ’चे शेअर जप्त करायचे. भांडवल खात्यावर त्याच्या नावाने दर शेअरमागे ३ अर्जाचे, २ वाटपाचे, २ पहिल्या हप्त्याचे आणि ३ शेवटच्या हप्त्याचे असे १० रुपये लिहिले गेलेत. ते सगळे पुसायचे. प्रीमियम खात्यावर ४ रुपये लिहिलेत, ते आलेच नाहीत, तेही पुसायचे. वाटप आणि हप्त्यांच्या खात्यांवर त्याच्याकडून येणं दाखवलंय, ते आता येणार नाही, तेही बंद करायचं. एवढं करून जे शिल्लक उरतं ते त्याने खरोखर दिलेले पैसे. ३०० गुणिले ३, म्हणजे ९००.

भाग भांडवल खाते … नावे ३,०००
प्रतिभूती अधिमूल्य खाते … नावे १,२००
  भाग वाटप खात्याला १,८००
  भाग पहिला हप्ता खात्याला ६००
  भाग शेवटचा हप्ता खात्याला ९००
  भाग जप्ती खात्याला ९००

‘ब’ची गोष्ट निराळी आहे. त्याने वाटपाचे पैसे भरले, म्हणजे २०० शेअरचा ८०० रुपये प्रीमियम कंपनीच्या बँकेत खरोखर आला. त्याच्या नावावर पुसायचं ते फक्त भांडवल, आणि बंद करायचं ते फक्त शेवटच्या हप्त्याचं येणं:

भाग भांडवल खाते … नावे २,०००
  भाग शेवटचा हप्ता खात्याला ६००
  भाग जप्ती खात्याला १,४००

त्याने दर शेअरमागे भरले ११ रुपये, पण जप्ती खात्यात गेले ७. उरलेले ४ प्रीमियम खात्यावर जिथे होते तिथेच राहिले. ते का हलवायचे नाहीत, याचं उत्तर कायद्यात आहे. कंपनी कायदा २०१३ च्या कलम ५२ प्रमाणे हातात आलेला प्रीमियम वेगळ्या खात्यात ठेवावा लागतो आणि तो कशाकशासाठी वापरता येईल हे त्या कलमातच ठरवून दिलंय: बोनस शेअर देणं, कंपनीच्या स्थापनेचा प्राथमिक खर्च किंवा शेअर-डिबेंचर काढतानाचा खर्च आणि कमिशन खोडणं, प्रेफरन्स शेअर किंवा डिबेंचरच्या परतफेडीवरचा प्रीमियम देणं, स्वतःचे शेअर परत विकत घेणं. त्या यादीबाहेर हा पैसा वापरायचा तर भांडवल कमी करण्याची रीतसर वाट धरावी लागते. एका भागधारकाचे शेअर जप्त होणं हे काही त्या यादीत बसत नाही. ‘अ’च्या बाबतीत मात्र पैसा आलाच नव्हता, नुसती नोंद होती, म्हणून ती खोडता आली. प्रीमियम डेबिट करू की नको असा प्रश्न पडला की एकच गोष्ट तपास: त्या शेअरचा प्रीमियम मागितला गेला आणि आला नाही, असं झालंय का? झालं असेल तर जेवढा आला नाही तेवढाच डेबिट कर.

‘तेवढाच’ हा शब्द मुद्दाम वापरला, कारण पुस्तकी गणितात प्रीमियम बहुतेक वेळा एकदम वाटपावर येतो आणि मुलांना वाटतं तो नेहमी तिथेच असतो. प्रत्यक्षात तसं असेलच असं नाही. रिलायन्स इंडस्ट्रीजने २०२० मध्ये हक्कभाग काढले होते, १० रुपये दर्शनी किंमतीचा शेअर १,२५७ रुपयांना, पैसे तीन टप्प्यांत. अर्जाबरोबर ३१४.२५ रुपये, पुढच्या वर्षी पहिल्या हप्त्याला पुन्हा ३१४.२५ आणि शेवटच्या हप्त्याला ६२८.५०. या ३१४.२५ मध्ये भांडवलाचे फक्त २.५० होते, बाकी ३११.७५ प्रीमियम. शेवटच्या ६२८.५० मध्ये ५ रुपये भांडवल आणि ६२३.५० प्रीमियम. म्हणजे प्रीमियम प्रत्येक टप्प्यात विभागलेला होता.

समज, अशा शेअरवर कुणी फक्त अर्जाचे पैसे भरले, दोन्ही हप्ते चुकवले आणि शेअर जप्त झाला. तर भांडवल १० रुपयांनी डेबिट होईल. प्रीमियम १,२४७ नी नाही, न आलेल्या ९३५.२५ नी डेबिट होईल. पहिल्या हप्त्याच्या खात्यावर ३१४.२५ जमा, शेवटच्यावर ६२८.५०. आणि जप्ती खात्याला काय मिळेल? अडीच रुपये. माणसाने भरले ३१४.२५, पण जप्ती खात्यात दिसणार २.५०, कारण बाकी सगळा प्रीमियम होता आणि तो कंपनीच्या प्रीमियम खात्यात कायमचा जमा झालाय. एकदा हे आकडे कागदावर मांडून दोन्ही बाजू ९४५.२५ येतात का ते बघ. प्रीमियमचा गोंधळ मग पुन्हा होणार नाही.

जप्तीच्या नोंदीत आणखी एक जागा आहे जिथे माझ्याकडे आलेल्या उत्तरपत्रिकांत दरवर्षी रांगेने मुलं पडतात. तुझ्या गणितात शेवटचा हप्ता मागून झाल्यावर जप्ती झाली, म्हणून भांडवल १० नी डेबिट केलं. पण गणितात ‘पहिल्या हप्त्यानंतर शेअर जप्त केले’ असं असेल तर? तेव्हा शेवटचे ३ रुपये कंपनीने अजून मागितलेलेच नाहीत, ते कुठेही लिहिलेले नाहीत. मग भांडवल ७ नीच डेबिट होईल आणि शेवटच्या हप्त्याचं नाव नोंदीत येणार नाही. ‘अ’चे शेअर तेव्हाच जप्त झाले असते तर भांडवल २,१०० नी, प्रीमियम १,२०० नी डेबिट, वाटपाला १,८००, पहिल्या हप्त्याला ६०० आणि जप्ती खात्याला तेच ९०० जमा. जप्ती खात्याचा आकडा बदलत नाही हे लक्षात घे, कारण त्याने भरलेले पैसे बदललेले नाहीत. आणि गणितात ‘थकीत हप्ते खाते’ उघडलेलं असेल तर वाटप आणि हप्त्यांच्या ऐवजी त्या एकाच खात्याला सगळं जमा कर, बाकी काही बदलत नाही.

आता तुझ्या १,०४० कडे येऊ. जप्ती खात्यातल्या २,३०० ची दोन गाठोडी आहेत. एक ‘अ’चं, ३०० शेअरवर ९००, म्हणजे शेअरमागे ३. दुसरं ‘ब’चं, २०० शेअरवर १,४००, म्हणजे शेअरमागे ७. तू ती दोन्ही एकत्र ओतून शेअरमागे ४.६० अशी सरासरी काढलीस. पण ४.६० रुपये भरलेला शेअर त्या कंपनीत एकही नाही. पुन्हा दिलेल्या ४०० शेअरमध्ये ‘अ’चे सगळे ३०० आणि ‘ब’चे १०० आहेत. तर ज्याचे शेअर गेले त्याच्याच गाठोड्यातून पैसे काढायचे.

पुन्हा विकताना शेअरमागे ८ रुपये आले, भांडवल १० चं लिहायचं. कमी पडलेले २ रुपये जप्ती खात्यातून भरून काढायचे:

बँक खाते … नावे ३,२००
भाग जप्ती खाते … नावे ८००
  भाग भांडवल खात्याला ४,०००

आता ‘अ’च्या गाठोड्यातले ३०० शेअरचे ९०० मोकळे झाले, त्यातले ६०० सूट म्हणून वापरले, उरले ३००. ‘ब’च्या १०० शेअरचे ७०० मोकळे झाले, २०० वापरले, उरले ५००. दोन्ही मिळून ८००. हा पैसा व्यापारातून आलेला नाही, भांडवलाच्या व्यवहारातून आलाय, म्हणून तो नफा-तोट्यात न जाता भांडवली राखीवात जातो:

भाग जप्ती खाते … नावे ८००
  भांडवली राखीव खात्याला ८००

या गणितात सूटही ८०० आणि राखीवही ८०० आलेत, तो निव्वळ योगायोग आहे. त्यावरून काही नियम बनवू नकोस. ४०० शेअर ९ रुपयांना दिले असते तर सूट ४०० झाली असती आणि राखीव १,२००. १२ रुपयांना दिले असते तर जप्ती खाते सूट म्हणून डेबिट करायची गरजच नव्हती; वरचे २ रुपये प्रतिभूती अधिमूल्याला गेले असते आणि दोन्ही गाठोड्यांतले मिळून १,६०० सगळेच्या सगळे राखीवात.

जप्ती खात्यात आता काय उरलं? २,३०० तून ८०० सूट आणि ८०० राखीव गेले, राहिले ७००. ‘ब’चे १०० शेअर अजून विकायचे आहेत आणि त्यांच्यावर शेअरमागे ७ रुपये भरलेले आहेत, म्हणजे ७००. जुळलं. हीच तुझी परीक्षा. राखीवाचा आकडा काढल्यावर उरलेल्या शेअरचे पैसे उरलेल्या बाकीशी जुळतात का ते बघायचं. तुझ्या १,०४० नंतर जप्ती खात्यात ४६० उरतात, मैत्रिणीच्या १,५०० नंतर शून्य. १०० शेअर अजून कंपनीकडे आहेत, त्यांच्यावर ७०० आलेले आहेत, आणि जप्ती खात्यात काहीच नाही, असं कसं होईल? मैत्रिणीला हा प्रश्न विचार, ती स्वतःच चूक पकडेल. ती ७०० ची बाकी ताळेबंदात भागभांडवलाखाली, जप्त भागांवर मुळात भरलेली रक्कम म्हणून दाखवतात. कायद्याच्या तिसऱ्या परिशिष्टात भागभांडवलाच्या तपशिलात तिच्यासाठी जागाच ठेवलेली आहे.

परीक्षेत वेळ उरला तर आणखी एक ताळा घे. या सगळ्या व्यवहारात बँकेत किती आले? अर्जाचे ३०,०००, वाटपाचे ५८,२००, पहिल्या हप्त्याचे १९,४००, शेवटच्याचे २८,५०० आणि पुनर्विक्रीचे ३,२००. बेरीज १,३९,३००. दुसऱ्या बाजूला भांडवल ९९,०००, प्रतिभूती अधिमूल्य ३८,८००, जप्ती खात्याची बाकी ७०० आणि भांडवली राखीव ८००. बेरीज तीच. पण इथे जरा सावध राहा: तू राखीव १,०४० आणि बाकी ४६० धरलीस तरी ही बेरीज जुळेल, कारण चूक दोन खात्यांच्या आपापसातली आहे. म्हणून ताळेबंद जुळला यावर समाधान मानू नकोस, गाठोड्यांची परीक्षा वेगळी घ्यायची.

आता सरांचं म्हणणं आणि ८ रुपयांचा शेअर. सर बरोबर सांगतात. कलम ५३ प्रमाणे कंपनीला शेअर दर्शनी किंमतीपेक्षा कमी किंमतीला काढता येत नाहीत, काढले तर ते वाटप रद्दबातल. अपवाद थोडेच आहेत: कर्मचाऱ्यांना आणि संचालकांना दिले जाणारे स्वेट इक्विटी शेअर, आणि २०१७ च्या दुरुस्तीनंतर, कायद्याने मान्य झालेल्या कर्ज-निवारण योजनेत धनकोंच्या कर्जाचं शेअरमध्ये रूपांतर. तुझ्या अभ्यासक्रमात यातलं काही आलं तर पहिलंच येईल.

पण पुनर्विक्रीची सूट म्हणजे डिस्काउंटने शेअर काढणं नव्हे. ‘ब’च्या शेअरवर कंपनीला आधी ७ रुपये भांडवलाचे मिळालेत. नवा माणूस ८ देतो. एका शेअरमागे कंपनीच्या हातात १५ रुपये आले, दर्शनी किंमत १०. कमी कुठे पडले? ‘अ’च्या शेअरवर ३ अधिक ८, म्हणजे ११. तेही दहाच्या वर. म्हणून सूट किती देता येईल याची मर्यादाही इथूनच निघते: त्या शेअरवर भांडवलापोटी जेवढे आधी आलेत तेवढीच. ‘अ’चे शेअर ७ रुपयांपर्यंत खाली देता येतील, ‘ब’चे ३ पर्यंत. ‘अ’चे शेअर ६ ला दिले तर ३ आणि ६ मिळून ९, म्हणजे कंपनीला दहाचा शेअर नऊला पडला, आणि कलम ५३ लागू झालं. जप्ती खात्याची एकूण बाकी मोठी आहे म्हणून ‘अ’च्या सूटीसाठी ‘ब’चे पैसे वापरता येत नाहीत. इथेही ज्याचे पैसे त्याच्या शेअरला.

मघाचा अडीच रुपयांचा शेअर आठवतोय का? हिशेबाच्या या नियमाने तो साडेसात रुपयांनासुद्धा देता येईल. बाजारात हजार रुपयांच्या वर भाव असलेला शेअर कुठलं संचालक मंडळ साडेसातला देईल? नियमाने फक्त खालची मर्यादा आखलीय, भाव नाही. गणित घालणारे मात्र १० रुपयांच्या शेअरवर ४ प्रीमियम मागतात, दोन पानांनंतर तोच शेअर ८ ला विकतात, आणि मुलं विचारतात की ४ रुपये प्रीमियम बुडाला का. नाही बुडाला. ‘अ’कडून तो आलाच नाही, आणि नव्या भागधारकाकडून वसूल करायलाच हवा असा नियम नाही.

ताईच्या गाइडाचंही सांगते. ते गाइड चुकीचं नाही, जुनं आहे. १९५६ च्या कंपनी कायद्यात कलम ७९ खाली ठरावीक अटी पाळून शेअर डिस्काउंटने काढता येत असत. सर्वसाधारण सभेचा ठराव आणि वरून मंजुरी लागायची, साधारणपणे १० टक्क्यांच्या वर डिस्काउंट देता येत नसे, आणि कंपनीला व्यवसाय सुरू करण्याचा हक्क मिळून किमान एक वर्ष झालेलं असावं लागे. २०१३ च्या कायद्याने ती वाटच बंद केली. म्हणून जुन्या गाइडात वाटपाच्या नोंदीत ‘भाग वट्टा खाते … नावे’ अशी एक ओळ दिसेल, आणि जप्तीच्या नोंदीत तेच खातं जमा बाजूला. तिथेही तर्क तोच आहे, वाटपावेळी जे लिहिलं ते जप्तीत उलटं करायचं. दहाचा शेअर ९ ला काढला असेल तर त्या शेअरच्या भांडवलाच्या १० पैकी १ रुपया येणारच नव्हता, म्हणून जप्तीत तो वट्टा खात्याला परत जमा होतो, आणि जप्ती खात्याला फक्त हातात आलेले पैसे. तुझ्या विद्यापीठाच्या अलीकडच्या प्रश्नपत्रिका बघ, असं गणित त्यांत नसेल तर त्या प्रकरणावर एक तासही घालवू नकोस. पण आलंच तर नोंदीखाली ‘१९५६ च्या कायद्याप्रमाणे’ असं लिहायला विसरू नकोस, तपासणाऱ्याला बरं वाटतं.

एक गोष्ट तू विचारली नाहीस, पण वर्गात हमखास कुणीतरी विचारतं: हप्ता एक दिवस चुकला की शेअर लगेच जप्त होतो का? नाही. जप्तीचा अधिकार कंपनीच्या नियमावलीतून येतो. वेगळी नियमावली नसेल तर कायद्याच्या पहिल्या परिशिष्टातला तक्ता एफ वापरतात. त्यात आधी नोटीस द्यावी लागते, नोटीस मिळाल्यापासून निदान १४ दिवसांची मुदत द्यावी लागते, आणि तेवढ्यात पैसे न आल्यास शेअर जप्त होऊ शकतील हे नोटीशीत स्पष्ट लिहावं लागतं. मग संचालक मंडळाचा ठराव, आणि तेव्हा कुठे तुझी रोजकीर्द नोंद. म्हणून नोंदीच्या स्पष्टीकरणात ‘मंडळाच्या ठरावानुसार, हप्ता न भरल्याने ३०० भाग जप्त केले’ असं लिहावं. नुसतं ‘भाग जप्त केले’ असं लिहिलं तरी चालतं, पण मंडळाचा ठराव लिहिलेला दिसला की तपासणाऱ्याला कळतं की मुलीला व्यवहार समजलाय.

नावांचंही थोडं. मराठीत पेपर लिहिताना कुठे ‘जप्ती’, कुठे ‘हरण’, कुठे ‘समभाग’, कुठे ‘भाग’ असे शब्द भेटतील. तुझ्या विद्यापीठाच्या क्रमिक पुस्तकात जो शब्द असेल तोच धर आणि एकाच उत्तरात दोन शब्द वापरू नकोस. मी स्वतः वर्गात फॉरफीचरच म्हणते, आणि फळ्यावर मात्र जप्ती लिहिते. त्याने कुणाचे मार्क गेल्याचं आठवत नाही.

आता ते गणित पुन्हा मांड, पण यावेळी ‘अ’चे फक्त २०० शेअर आणि ‘ब’चे सगळे २०० पुन्हा दिले असं धर, किंमत तीच ८ रुपये. राखीव १,२०० आला आणि जप्ती खात्यात ‘अ’च्या उरलेल्या १०० शेअरचे ३०० राहिले, तर तुझं बरोबर आहे.